बाजार तापला की सौदा किती आखडायचा?

शेअर बाजारात दोन माणसांकडे पाच-पाच लाखांचे निफ्टीचे युनिट असले, तरी दोघांची जोखीम सारखीच असेल असे नाही. एकाने ते शांत महिन्यात घेतले असतील, तर दिवसाकाठी तीन-चार हजारांचा फरक पडेल. दुसऱ्याने ते खवळलेल्या बाजारात घेतले असतील, तर तेवढ्याच पाच लाखांत एका दिवसात वीस हजार इकडचे तिकडे होतील. रक्कम तीच राहते, पण तिच्यातली धग बदलते. म्हणून अनुभवी व्यापारी आधी बाजाराचे तापमान मोजतात आणि मग सौद्याचा आकार ठरवतात. हे तापमान मोजण्याचे एक साधन म्हणजे ऐतिहासिक अस्थिरतेचा पर्सेंटाइल.

ऐतिहासिक अस्थिरता, म्हणजे हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी किंवा थोडक्यात एचव्ही, ही मागच्या काही दिवसांत भाव प्रत्यक्षात किती हलला याची मोजणी असते. बहुतेक जण २० दिवसांची खिडकी घेतात, कारण कामकाजाचा एक महिना साधारण तेवढाच असतो. रोजच्या बंद भावातला टक्केवारीचा बदल काढायचा, त्या २० बदलांचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १५.८७ ने गुणायचे. वर्षात कामकाजाचे दिवस २५२ धरण्याचा प्रघात आहे. गुणाकार केल्यावर रोजचा आकडा वार्षिक होतो. उलट दिशेने जायचे तर वार्षिक आकड्याला १६ ने भागले की झाले. एचव्ही १६ असेल, तर बाजार दिवसाला सरासरी एक टक्क्याच्या आसपास हलतो आहे असे ढोबळमानाने समजावे.

नुसत्या १६ किंवा २१ या आकड्यावरून मात्र फारसे कळत नाही. निफ्टीसाठी २१ म्हणजे चांगलाच ताप, पण एखाद्या छोट्या कंपनीच्या शेअरला २१ म्हणजे गाढ झोप. इथे पर्सेंटाइल कामी येतो. महाराष्ट्रातल्या ज्या घरात कुणी सीईटी दिली आहे, त्या घराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. १०० पैकी ९० मुले मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. इथे मुलांच्या जागी दिवस येतात. मागच्या २५२ दिवसांपैकी किती दिवसांची एचव्ही आजच्यापेक्षा कमी होती, ते मोजायचे. २२७ दिवस कमी असतील, तर आजचा पर्सेंटाइल ९० झाला. शेअर कोणताही असो, त्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच वर्षाशी होते.

स्प्रेडशीटमध्ये हे तीन ओळींचे काम आहे. B स्तंभात जुन्याकडून नव्याकडे बंद भाव भरले असतील, तर सूत्रे अशी:

```
C3:   =B3/B2-1
D22:  =STDEV.S(C3:C22)*SQRT(252)
E274: =COUNTIF(D22:D273,"<"&D274)/252*100
```

पहिल्या सूत्रात रोजचा बदल, दुसऱ्यात एचव्ही आणि तिसऱ्यात पर्सेंटाइल मिळतो. काही जण पर्सेंटाइलऐवजी ‘रँक’ वापरतात. वर्षातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त एचव्ही यांच्यामध्ये आजचा आकडा कुठे बसतो, हे रँक सांगते. दोन्ही शब्द एकच समजण्याची चूक सर्रास होते. वर्षात एकदाच मोठा भूकंप झाला असेल, तर त्या शिखराच्या तुलनेत पुढचा प्रत्येक दिवस खुजा ठरतो आणि रँक महिनोन्‌महिने तळाशी राहते. पर्सेंटाइल दिवस मोजतो, शिखराची उंची मोजत नाही. त्यामुळे एका भूकंपाने तो इतका फसत नाही.

या सगळ्याचा पाया एका साध्या निरीक्षणात आहे. उद्या बाजार वर जाईल की खाली, हे आजवरून कळत नाही. पण उद्या तो जोरात हलेल की हळू, याचा अंदाज मात्र आजवरून बऱ्यापैकी येतो. मोठ्या हालचालींमागून मोठ्या हालचाली येतात आणि शांत दिवसांमागून शांत दिवस. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांच्या अभ्यासात हे नोंदवले. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये त्याला गणिती रूप दिले आणि २००३ मध्ये त्यासाठी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तापलेला बाजार लगेच थंड होत नाही, म्हणूनच तापमान पाहून सौदा आखडण्यात अर्थ आहे.

प्रत्यक्षात व्यापारी पर्सेंटाइलचे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्याला एक पट ठरवून देतात. उदाहरणासाठी एक साधी पट्टी घेऊ. पर्सेंटाइल २० च्या खाली असेल तर नेहमीच्या सौद्याच्या सव्वापट, २० ते ८० मध्ये नेहमीइतका, ८० ते ९५ मध्ये निम्मा आणि ९५ च्या वर गेला तर पाव. या आकड्यांना कोणत्याही नियमाचा आधार नाही. प्रत्येकजण आपल्या सोसण्याप्रमाणे ते ठरवतो. पण एक गोष्ट या पट्टीत मुद्दाम ठेवलेली आहे. खाली आखडताना ती पावावर जाते, वर वाढताना मात्र सव्वापटीवर थांबते. त्याचे कारण पुढे येईल.

आता ही पट्टी फेब्रुवारी-मार्च २०२० च्या निफ्टीला लावून पाहू. एखाद्या गुंतवणूकदाराकडे १० लाखांचे भांडवल आहे आणि निफ्टीतला त्याचा नेहमीचा सौदा ५ लाखांचा आहे, असे धरू. २० फेब्रुवारीला निफ्टी १२,०८०.८५ वर बंद झाला. २० दिवसांची एचव्ही होती १६ च्या आसपास. त्याच खिडकीत १ फेब्रुवारीचा, शनिवारी झालेल्या अर्थसंकल्पाचा अडीच टक्क्यांचा आपटबारही होता. तरीही आकडा मधल्या पट्ट्यातलाच होता, म्हणून सौदा पूर्ण ५ लाखांचा.

पुढच्या आठवड्यात करोनाच्या बातम्यांनी जगभरचे बाजार घसरले. २८ फेब्रुवारीला निफ्टी एका दिवसात ३.७१ टक्के पडून ११,२०१.७५ वर आला आणि एचव्ही २१ वर गेली. मागच्या वर्षभरात याहून मोठे आकडे मुख्यतः एकाच काळात दिसतात, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ मध्ये. २० सप्टेंबरला कंपनी करात कपात जाहीर झाली आणि निफ्टी एका दिवसात ५.३२ टक्के वर गेला. त्या उडीमुळे एचव्ही २५ च्या आसपास पोचली होती. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाव आनंदाने उडाला की भीतीने पडला, हे एचव्हीला कळत नाही, तिला फक्त हालचाल दिसते. असो. २८ फेब्रुवारीचा २१ हा आकडा ८० पर्सेंटाइलच्या वर बसतो, म्हणून पट्टीप्रमाणे सौदा निम्मा, अडीच लाखांचा झाला.

त्यानंतरचा आठवडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. २ ते ६ मार्चदरम्यान बाजार शांत झाला नव्हता. ३ तारखेला तो दीड टक्का वर गेला आणि ६ तारखेला अडीच टक्के खाली आला. पण ६ मार्चची एचव्ही काढली तर ती १९ येते, म्हणजे २८ फेब्रुवारीपेक्षा कमी. याचे कारण बाजारात नाही, खिडकीत आहे. २० दिवसांची खिडकी पुढे सरकली आणि अर्थसंकल्पाच्या दिवसाची मोठी घसरण, तसेच ४ फेब्रुवारीची २.३ टक्क्यांची उसळी, दोन्ही तिच्या मागच्या टोकातून बाहेर पडल्या. आकडा उतरला की पर्सेंटाइलही त्याच्यासोबत खाली सरकतो. पट्ट्याच्या काठावर असलेला व्यापारी नेमका याच संध्याकाळी सौदा वाढवू शकला असता, आणि पुढच्याच सत्रात, ९ मार्चला, निफ्टी ४.९ टक्के पडला.

हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. एचव्ही बदलली की आधी पाहावे, आज कोणता दिवस आत आला आणि २० दिवसांपूर्वीचा कोणता दिवस बाहेर गेला. बदल बाहेर गेलेल्या दिवसामुळे असेल, तर बाजाराने नवे काहीच सांगितलेले नाही. यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिल्यात ताज्या दिवसांना जास्त आणि जुन्यांना हळूहळू कमी होत जाणारे वजन देतात, म्हणजे कोणताही दिवस एकदम गळून पडत नाही. दुसरा उपाय त्याहून साधा आहे. आखडायचे लगेच, पण पुन्हा वाढवायचे ते पर्सेंटाइल काठाच्या पाच-सात अंक आत आल्यावर आणि तिथे काही दिवस टिकल्यावरच. यात थोडा नफा हुकतो, पण काठावरची ये-जा आणि तिचा दलालीचा खर्च टळतो.

१२ मार्चला निफ्टी ८.३ टक्के पडून ९,५९०.१५ वर बंद झाला. एचव्ही ३६ झाली. मागच्या वर्षात इतका आकडा एकदाही आलेला नव्हता, म्हणजे पर्सेंटाइल सरळ १००. आता सौदा पावावर, सव्वा लाखावर आणायचा. पण आकडा बाजार बंद झाल्यावर मिळतो, विक्री दुसऱ्या दिवशीच होते, आणि दुसरा दिवस होता शुक्रवार, १३ मार्च. त्या सकाळी बाजार उघडताच काही मिनिटांत निफ्टी १० टक्के कोसळला, लोअर सर्किट लागले आणि व्यवहार ४५ मिनिटे बंद ठेवावे लागले. पुन्हा सुरू झाल्यावर बाजार असा उलटला की दिवसअखेर निफ्टी ३.८ टक्के वाढून ९,९५५.२० वर बंद झाला. ज्याने पहिल्याच मिनिटाला आकार घटवला त्याने तळाशी विकले. ज्याने आकार बदलण्याचे काम रोज दिवसाच्या अखेरच्या अर्ध्या तासात करण्याची शिस्त ठेवली होती, त्याला चांगला भाव मिळाला. कोणत्या वेळेचा भाव बरा निघेल हे आधी सांगता येत नाही. पण वेळ आधी ठरलेली असली, तर घबराटीत निर्णय घ्यावा लागत नाही.

२३ मार्चला निफ्टी १२.९८ टक्के पडला आणि ७,६१०.२५ वर बंद झाला. आता हिशोब मांडता येतो. २८ फेब्रुवारीच्या बंद भावापासून ५ लाख जसेच्या तसे ठेवणाऱ्याचे सुमारे १ लाख ६० हजार गेले. ज्याने तेव्हा निम्मे केले आणि १३ मार्चच्या अखेरीस पाव केले, त्याचे सुमारे ५७ हजार गेले. पट्टीने एक लाखाहून जास्त वाचवले. पण हिशोब इथेच थांबवला तर तो अर्धवट राहील. २४ एप्रिलपर्यंत निफ्टी पुन्हा ९,१५४.४० वर आला, म्हणजे तळापासून २० टक्के वर. पूर्ण सौदा ठेवणाऱ्याने यात सुमारे ६९ हजार परत मिळवले, आखडलेल्याने फक्त १९ हजार. एक लाखाचा फायदा निम्म्यावर आला. वर येताना आकार छोटाच का राहिला, त्याचेही कारण खिडकीतच आहे. २३ मार्चचा दिवस २० सत्रांच्या खिडकीतून बाहेर पडला तो २४ एप्रिलला. तोवर एचव्ही उंच होती आणि पट्टी हात आखडून बसली होती. घसरणीत मिळणारे संरक्षण आणि उसळीत होणारा उशीर ही एकाच नियमाची दोन टोके आहेत, एक घ्यायचे आणि दुसरे सोडायचे असे करता येत नाही.

२३ मार्चच्या आकड्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. त्या दिवशी २० दिवसांची एचव्ही ६७ निघते. १२ मार्चची ३६ होती. म्हणजे बाजार जवळजवळ दुप्पट तापला, पण पर्सेंटाइल दोन्ही दिवशी १०० च. शंभराच्या वर त्याला जागाच नाही. सव्वा लाखाच्या सौद्यात १२ मार्चला दिवसाची नेहमीची हालचाल २,८५० रुपयांच्या आसपास होती, २३ मार्चला ती ५,३०० झाली. २० फेब्रुवारीला पूर्ण ५ लाखांच्या सौद्यात ती ५,००० होती. सौदा पाव केला, तरी जोखीम पुन्हा मूळ जागी पोचली आणि पर्सेंटाइलने हूं की चूं केले नाही. पर्सेंटाइल वापरणाऱ्याला हा धोका सर्वांत उशिरा कळतो, कारण आकडा कमाल पातळीवर स्थिर असतो आणि स्थिर आकडा पाहून मन निश्चिंत होते.

म्हणून पर्सेंटाइलच्या जोडीला प्रत्यक्ष एचव्हीची कमाल मर्यादा लावतात. रोजची हालचाल भांडवलाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा, समजा १० लाखांवर ३,००० रुपयांपेक्षा, जास्त होता कामा नये असे ठरवायचे. ६७ एचव्हीला दिवसाची हालचाल ४.२५ टक्के येते, म्हणून सौदा ७० हजारांवर आणावा लागतो. पर्सेंटाइलने निघालेला आकार आणि या मर्यादेने निघालेला आकार, यांतला जो लहान तो घ्यायचा. सरासरीचाही एक बारकावा आहे. प्रमाण विचलन काढताना सूत्र सरासरी वजा करते. त्या २० दिवसांची सरासरीच रोज उणे दोन टक्क्यांहून जास्त होती. ती वजा झाल्यामुळे आकडा ६७ आला, वजा केली नसती तर तो ७४ च्या आसपास गेला असता. एकाच दिशेने सलग पडणारा बाजार या सूत्राला जरा सौम्य दिसतो, म्हणून अनेक जण सरासरी शून्यच धरतात.

पर्सेंटाइलची स्मरणशक्ती नेमकी एका वर्षाची असते, आणि त्याचे परिणाम २०२० च्या उरलेल्या महिन्यांत दिसले. मार्च ते मेचे भडकलेले दिवस वर्षाच्या खिडकीत बसलेले असल्यामुळे त्यांच्या शेजारी ऑक्टोबरचा बेताचा बाजारही थंडगार वाटत होता. २०२१ च्या वसंतात ते दिवस खिडकीतून बाहेर पडले, तेव्हा बाजारात काहीही न घडता तेच आकडे वरच्या पट्ट्यात चढू लागले. एका वर्षाऐवजी तीन वर्षांची खिडकी घेतली, तर हा हेलकावा बराच कमी होतो. पण मग बाजाराचा स्वभाव खरोखर बदलला असेल, तर तेही उशिरा समजते.

आता सव्वापटीवर थांबण्याचे कारण. शांत बाजार म्हणजे सुरक्षित बाजार, ही समजूत २०१७ मध्ये अमेरिकेत पक्की झाली होती. ते वर्ष तिथल्या बाजाराच्या इतिहासातल्या अतिशय शांत वर्षांपैकी होते. अस्थिरता मोजणारा ‘विक्स’ हा निर्देशांक दहाच्याही खाली रेंगाळत होता आणि ही शांतता टिकेल अशा पैजेवर प्रचंड पैसा लागला होता. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी एसअँडपी ५०० चार टक्के पडला आणि विक्स एका दिवसात १७.३१ वरून ३७.३२ वर गेला. शांततेवर पैज घेणाऱ्या ‘एक्सआयव्ही’ या लोकप्रिय साधनाचे ९० टक्क्यांहून जास्त मूल्य एका संध्याकाळीत उडाले आणि ते बंद करावे लागले. कमी पर्सेंटाइल एवढेच सांगतो की बाजार आतापर्यंत हलला नाही. शिवाय खालच्या पट्ट्यातून वर एकच वाट असते. त्यामुळे शांततेत आकार दुप्पट-तिप्पट करणारा माणूस सर्वांत मोठा सौदा घेऊन पहिल्या धक्क्याला सामोरा जातो, कारण तो धक्का खिडकीत यायच्या आधीच त्याच्या खिशाला बसलेला असतो.

ठरलेल्या तारखेच्या धोक्याबाबत तर एचव्ही पूर्ण आंधळी आहे. २०२४ च्या लोकसभा निकालाआधी इंडिया विक्स, जो ऑप्शनच्या भावांतून पुढच्या महिन्याचा अंदाज काढतो, एप्रिलअखेरच्या १० वरून मेअखेरीस २४ पर्यंत चढला होता. ४ जूनला काय होईल याची धास्ती त्यात उतरली होती. मागचेच दिवस मोजणाऱ्या एचव्हीला ती तारीख दिसणे शक्य नव्हते. ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के चढला, ४ जूनला ५.९३ टक्के पडला. निवडणूक निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे धोरण अशा दिवसांआधी इंडिया विक्स एचव्हीपेक्षा बराच वर असेल, तर पर्सेंटाइल काहीही म्हणो, वाढवलेला सौदा नेहमीइतका करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

हिशोबात एक चूक नकळत होते. अनेक जण स्टॉपलॉस आधीच बाजाराच्या हालचालीप्रमाणे दूर-जवळ ठेवतात आणि एका सौद्यात किती रुपये घालवायचे हे पक्के धरून त्यावरून आकार काढतात. बाजार तापला की स्टॉपलॉस दूर जातो आणि आकार आपोआप घटतो. त्यावर पुन्हा पर्सेंटाइलचा निम्मा पट लावला, तर एकाच तापासाठी दोनदा कापणी होते. चाचणीत असा सौदा नेमका सावरण्याच्या काळात चिमुकला दिसतो. ओळखायची खूण तीच. अशा वेळी पर्सेंटाइलचा पट स्टॉपलॉस ठरलेल्या टक्क्यांवर असतानाच वापरावा.

शेवटची अडचण लॉटची. मार्च २०२० मध्ये निफ्टी फ्युचरचा लॉट ७५ चा होता. निफ्टी १०,००० वर असताना एक लॉट साडेसात लाखांचा होई. ज्याचा नेहमीचा सौदाच एक लॉट आहे, त्याला निम्मा किंवा पाव करताच येत नाही, त्याच्यासमोर ठेवणे किंवा सोडणे एवढेच पर्याय उरतात. वरची पट्टी नीट चालायला नेहमीचा सौदा निदान चार लॉटचा हवा, म्हणजे पाच, चार, दोन आणि एक असे टप्पे पूर्णांकात बसतात. त्यापेक्षा लहान भांडवलाला निर्देशांकाचा ईटीएफ सोयीचा पडतो, कारण त्याचे एक-एक युनिट विकता येते.